जेसीबी येण्याआधी

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. असा पूर ओसरला की सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: जेसीबी कधी येणार? चिखल लवकर उचलायलाच हवा, वाळला की तो फावड्याला दाद देत नाही. पण जेसीबीचे बकेट लागण्याआधी दुकानाच्या दारातच वेगवेगळे ढीग झाले नाहीत, तर पुढची सगळी सफाई फसते. दहा बाय वीस फुटांच्या गाळ्यात अर्धा फूट चिखल म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास. ओला असताना त्याचे वजन साडेचार-पाच टन भरते. हा निव्वळ नदीचा गाळ असेल तर वाळवून भरावाला वापरता येतो. त्यात कीटकनाशकाची एक बाटली फुटली, की त्या ढिगाचा भरवसा संपला. म्हणून गाळ एकीकडे, भिजलेला माल दुसरीकडे आणि धोक्याच्या वस्तू तिसरीकडे, एवढे तीन ढीग पुरेत.

तिसरा ढीग सर्वांत लहान, पण खरी काळजी त्याचीच. गॅस सिलिंडर बकेटखाली चेपला तर गळतो. मोबाइल-लॅपटॉपच्या भिजलेल्या बॅटऱ्या काही दिवसांनीही पेट घेतात, त्यामुळे त्या कागद-कापडाच्या ढिगात जाता कामा नयेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ल असते. संडास साफ करायच्या ॲसिडवर किंवा अशा आम्लावर ब्लीचिंग पावडर पडली तर विषारी क्लोरीन सुटतो, आणि पुरानंतर पावडर तर मुठीमुठीने फेकली जाते. कृषी सेवा केंद्र, रंगाचे दुकान आणि मेडिकल यांच्या दारात म्हणूनच आधी माणूस जावा, यंत्र नंतर.

घर वाहून गेलेल्याने वर्गवारी करत बसायचे का, हा आक्षेप रास्त आहे. पण माल बाहेर काढताना तो हातात घ्यावाच लागतो. त्याच वेळी तो कुठे ठेवायचा एवढेच ठरवायचे असते. पंचनाम्याच्या भीतीने लोक माल हलवत नाहीत हेही खरे. वेगळ्या ढिगांचे फोटो आणि मोजदाद मात्र उलट सोपी जाते, कारण चिखलात कालवलेल्या गोण्या मोजायच्या कशा?

राहिला जागेचा प्रश्न. पाचशे गाळ्यांचा पाचशे ब्रास गाळ पाच फूट उंच रचला तर नऊ-दहा गुंठे लागतात. ढिगांचे उतार आणि डंपर वळायची जागा धरली तर अर्धा एकर. भिजलेल्या मालाला आणखी जागा हवी, कारण गाद्या-कपाटांचे वजन कमी, पसारा मोठा. ही जागा पूररेषेबाहेर, विहिरींपासून दूर, कठीण जमिनीची आणि डंपरला आत-बाहेर जायला दोन वाटा असलेली हवी. पाऊस चालू असताना अशी जागा शोधायला निघाले, की हाताशी सापडतो तो नदीकाठ, आणि तिथे टाकलेला गाळ पुढच्याच पाण्याला पुन्हा बाजारात येतो. त्यामुळे नगरपालिकेने जागेचा गट क्रमांक मे महिन्यातच नक्की करून डंपरवाल्यांना दाखवून ठेवला पाहिजे.