दोरी सैल का पडते? वर्तुळाच्या माथ्यावरचा हिशेब

गेल्या महिन्यात हैदराबादला मलकपेठेत बहिणीकडे गेलो असता, अकरावीतला भाचा गच्चीवर दोरीला बांधलेला चेंडू उभ्या वर्तुळात फिरवत होता. हात स्थिर ठेवून एकदाच जोर द्यायचा, हा त्याचा नेम. पण चेंडू माथा गाठण्याआधीच दोरी सैल पडे आणि तो आतल्या बाजूला कोसळे. ‘‘मामा, ऊर्जेच्या हिशेबाने तो वर पोहोचायलाच हवा,’’ अशी त्याची तक्रार होती.

दोरीची लांबी ८० सेंटिमीटर होती. मलकपेठेत काय किंवा पणजीत काय, गुरुत्व त्वरण दोन दशांश स्थळांपर्यंत ९.७८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकेच भरते. तळाची गतिज ऊर्जा १.६ मीटर उंची चढण्यास पुरावी, एवढाच विचार करून भाच्याने तळाचा वेग सेकंदाला ५.५९ मीटर काढला होता. त्यात माथ्यावरचा वेग शून्य येतो, आणि चूक नेमकी तिथेच आहे.

चेंडूचा वेग बदलतो तो गुरुत्वाकर्षणाच्या बल आघूर्णामुळे. दोरीचा ताण केंद्रातून जात असल्याने केंद्राभोवती त्याचे आघूर्ण शून्य असते. वजनाचे आघूर्ण mgR sinθ आहे. येथे θ हा दोरीने खालच्या उभ्या रेषेशी केलेला कोन. त्याला जडत्व आघूर्ण mR² ने भागले की कोनीय त्वरण मिळते आणि ते त्रिज्येने गुणले की स्पर्शीय त्वरण g sinθ येते. वस्तुमान गळून पडते. दोरी आडवी असताना हे त्वरण पूर्ण ९.७८ असते, तळाशी व माथ्यावर ते शून्य असते.

म्हणजे माथ्यावर वजन चेंडूचा वेग बदलत नाही, फक्त त्याची दिशा वळवते. वर्तुळात राहण्यास v²/R इतके अभिकेंद्री त्वरण लागते. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून वजनाने दिलेले g हे v²/R पेक्षा जास्त झाले की दोरी सैल पडते. यावरून माथ्यावरचा किमान वेग √(gR), म्हणजे येथे सेकंदाला २.८० मीटर. तो राखायचा तर तळाशी √(5gR), म्हणजे ६.२५ मीटर हवेत.

भाच्याच्या वेगाने चेंडू केंद्राच्या वर त्रिज्येच्या दोन तृतीयांश, सुमारे ५३ सेंटिमीटर, चढताच दोरीतील ताण संपतो. तिथून पुढे तो फेकलेल्या दगडासारखा जातो. दोरीऐवजी हलकी ताठ सळई असती, तर ती चेंडूला खालून आधार देऊ शकली असती आणि त्याचे उत्तर बरोबर ठरले असते. एरवी आपण चेंडू फिरवताना हात नकळत हलतो व दर फेरीत थोडी ऊर्जा देत राहतो. त्यामुळे ही चूक सहसा लक्षात येत नाही.