श्रीखंड व दही : पोषणमूल्यांची तुलना

दह्यातील पाणी निथळून काढल्यावर उरणाऱ्या घट्ट चक्क्यात साखर मिसळून व ते मिश्रण घोटून श्रीखंड तयार करतात. महाराष्ट्रात व गुजरातेत हे पक्वान्न विशेष प्रचलित असून महाराष्ट्रात गुढीपाडवा, दसरा इ. सणांना ते पुरीबरोबर वाढण्याची प्रथा आहे. श्रीखंड दह्याचेच होत असल्याने त्याचे पोषणमूल्य दह्यासारखेच किंवा त्याहून सरस असते, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अंशतःच खरा आहे. दह्याचे श्रीखंड होताना दोन परस्परविरोधी क्रिया घडतात : निथळण्याने दह्यातील प्रथिने व वसा (स्निग्धांश) एकवटतात, तर साखर मिसळल्याने ती पुन्हा विरळ होतात. या दोन क्रियांचा हिशेब वेगवेगळा मांडला म्हणजे वाटीभर श्रीखंडात काय असते, याची नेमकी कल्पना येते.

निथळणे : उदाहरणादाखल गाईच्या दुधाचे १ किग्रॅ. सायीसकट दही घेऊ. त्यात सुमारे ३५ ग्रॅ. प्रथिने, ४० ग्रॅ. वसा व ४५ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे (दुग्धशर्करा व तिच्यापासून बनलेले लॅक्टिक अम्ल) असतात आणि त्यापासून सुमारे ६८० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. हे दही स्वच्छ पातळ कापडात बांधून थंड जागी आठ ते दहा तास टांगून ठेवले की, सु. ६५० ग्रॅ. हिरवट पिवळसर निवळी गळून जाते व सु. ३५० ग्रॅ. चक्का उरतो. दह्यातील केसीन हे प्रथिन अम्लामुळे साखळून त्याचे जाळे बनलेले असते व वसेचे कण त्या जाळ्यात अडकलेले असतात. त्यामुळे ही दोन्ही जवळजवळ पूर्णपणे चक्क्यात राहतात. विरजण्यापूर्वी दूध उकळलेले असल्यास निवळीबरोबर एरवी जाणाऱ्या प्रथिनांचा बराचसा भागही केसिनाला चिकटून मागे राहतो. एकूण निवळीबरोबर केवळ ३ ग्रॅ. प्रथिने व १ ग्रॅ. वसा जाते. पाण्यात विरघळणारे घटक मात्र पाण्याबरोबरच जातात : कार्बोहायड्रेटांपैकी सु. ३१ ग्रॅ. निघून जाऊन चक्क्यात १४ ग्रॅ. उरतात. कॅल्शियमाचीही हीच गत होते. दुधात ते मुख्यतः केसिनाशी निगडित असते. दही आंबट होताना ते सुटून पाण्यात उतरते व त्याचा निम्म्याहून अधिक भाग निवळीत जातो. कॅल्शियमाच्या दृष्टीने चक्का हा दह्याचा अर्क नव्हे, हे यावरून लक्षात येईल. ही निवळी टाकून न देता कढी, आमटी वा कणीक भिजवणे यांसाठी वापरल्यास हा तोटा पुष्कळसा भरून निघतो.

साखर मिसळणे : वरील ३५० ग्रॅ. चक्क्यात २५० ग्रॅ. साखर घालून पुरणयंत्रातून काढल्यास ६०० ग्रॅ. श्रीखंड, म्हणजे १५० ग्रॅमच्या चार वाट्या, तयार होते. केशर, वेलदोडे, जायफळ यांचे प्रमाण इतके अल्प असते की, हिशेबात त्यांचा विचार करण्याचे कारण नाही. १५० ग्रॅमच्या वाटीतील घटक पुढीलप्रमाणे येतात.

| घटक | दही | चक्का | श्रीखंड |
|---|---|---|---|
| प्रथिने (ग्रॅ.) | ५.३ | १३.७ | ८.० |
| वसा (ग्रॅ.) | ६.० | १६.७ | ९.८ |
| कार्बोहायड्रेटे (ग्रॅ.) | ६.८ | ६.० | ६६.० |
| ऊर्जा (किलोकॅलरी) | १०२ | २२९ | ३८४ |

वाटीस वाटी अशी तुलना केल्यास श्रीखंडात दह्याच्या दीडपट प्रथिने दिसतात. परंतु ऊर्जा पावणेचारपट दिसते. श्रीखंडातील ६६ ग्रॅ. कार्बोहायड्रेटांपैकी ६२.५ ग्रॅ. ही वरून घातलेली साखर असून एकूण ऊर्जेचा सु. दोन-तृतीयांश भाग तिच्यापासूनच येतो. म्हणून वाटीऐवजी समान ऊर्जेच्या आधारे तुलना करणे अधिक उद्बोधक ठरते. १०० किलोकॅलरी ऊर्जेबरोबर दह्यातून सु. ५ ग्रॅ., चक्क्यातून ६ ग्रॅ., तर श्रीखंडातून केवळ २ ग्रॅ. प्रथिने मिळतात. निथळण्याने जे थोडे साधले ते साखरेने पुसले जाते, असा याचा अर्थ होतो. भूक मंदावलेल्या वृद्धास अथवा मधुमेही व्यक्तीस प्रथिनांसाठी म्हणून श्रीखंड देणे यामुळेच युक्त ठरत नाही. त्यांना दही किंवा बिनसाखरेचा चक्का देणे श्रेयस्कर होय.

फरक पडण्याची कारणे : वरील आकडे विशिष्ट दुधाचे व विशिष्ट प्रमाणाचे आहेत. प्रत्येक वाटीस २५० ग्रॅ. दही लागते हेच प्रमाण ठेवून साडेसहा टक्के वसेच्या म्हशीच्या दुधाचे दही घेतले, तर वाटीतील वसा सु. १६ ग्रॅमपर्यंत जाते. साय काढलेल्या दुधाचे दही घेतल्यास वसा नाममात्र राहून वाटीमागे ८० ते ९० किलोकॅलरी कमी होतात. परंतु साखरेच्या २५० किलोकॅलरी तशाच राहतात.

चक्का पुरेसा निथळला नसेल, तर साखर पडताच ती त्यातील पाण्यात विरघळून मिश्रण सैल होते व वाटीतील प्रथिनांचे प्रमाण घटते. हे आधीच ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे चक्का वजन करून पाहणे. १ किग्रॅ. दह्याचा चक्का ४५० ग्रॅमच्या आसपास भरल्यास तो आणखी काही वेळ टांगून ठेवावा. उष्ण हवेत टांगलेल्या दह्यात मात्र अम्ल वाढत राहते. असा आंबट चक्का गोड करण्यास अधिक साखर लागते व पोषणाचा समतोल आणखी बिघडतो. याकरिता दही गोडसर असतानाच बांधणे व शीतकपाटात निथळत ठेवणे हिताचे असते.

अशा गोडसर चक्क्यास १५० ग्रॅ. साखरही पुरते. तेव्हा एकूण श्रीखंड ५०० ग्रॅ. भरते. त्याचे चार समान भाग केल्यास प्रत्येकात पूर्वीइतकीच ८ ग्रॅ. प्रथिने राहून ऊर्जा ३८४ वरून २८४ किलोकॅलरींवर येते. मात्र हा भाग १२५ ग्रॅमचा असतो. पूर्वीचीच १५० ग्रॅमची वाटी भरून घेतल्यास ऊर्जा सु. ३४० किलोकॅलरी होते, म्हणजे अपेक्षित बचतीचा निम्म्याहून अधिक भाग नाहीसा होतो. श्रीखंड दह्यापेक्षा जड असल्याने एकाच मापाच्या वाटीत ते वजनाने किंचित अधिकही मावते. म्हणून कोणतीही तुलना वाटीच्या आकारावरून न करता वजनावरून करावी. साखर कमी केलेले श्रीखंड टिकतेही कमी, कारण साखरेच्या दाट द्रावणामुळे सूक्ष्मजीवांच्या वाढीस होणारा अटकाव त्यात कमी पडतो. असे श्रीखंड शीतकपाटात ठेवून थोड्या दिवसांत संपवावे लागते.