फोटोत न दिसणारा कांदा

एप्रिल सरत आला की पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कांद्याचे फोटो येऊ लागतात. भरलेल्या जाळीच्या गोण्या, शेजारी वजनकाटा आणि खाली मजकूर: ‘थेट शेतातून तुमच्या दारात! उत्तम प्रतीचा नाशिकचा कांदा! आजच मागणी नोंदवा!’ नोव्हेंबरातही हाच मजकूर येतो, फोटोही जवळपास तसाच असतो. पण एप्रिल-मेमध्ये घेतलेला कांदा नीट ठेवला तर गणपतीपर्यंत, कधी दसऱ्यापर्यंतही पुरतो. नोव्हेंबरचा कांदा तीन-चार आठवड्यांत मऊ पडतो किंवा त्याला मोड येतात. हा फरक फोटोत दिसत नाही. तो सांगायची जबाबदारी फोटोखालच्या त्या तीन-चार ओळींवर असते.

२०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरचं नियमन उठवलं. त्यानंतर शेतकऱ्यांच्या अनेक गटांना आणि सहकारी संस्थांना शहरातल्या घरांपर्यंत थेट जाणं सोपं झालं. मात्र लिलावात व्यापारी कांदा हातात घेतो, मान दाबून पाहतो, साल चोळतो आणि मगच भाव बोलतो. सोसायटीतल्या गिऱ्हाइकाला हे करता येत नाही. त्याच्या हातात फक्त फोन असतो. म्हणून व्यापारी हातानं जे तपासतो, ते गटानं शब्दांत सांगायला हवं. ते कसं सांगायचं, हे कांद्याच्याच उदाहरणानं पाहू.

हंगाम: कोणता कांदा?

महाराष्ट्रात कांद्याची तीन पिकं निघतात. पावसाळ्यात लावलेला खरिपाचा कांदा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. बाजारात त्याला लाल कांदा म्हणतात. त्याच्या मागून येणारा रांगडा कांदा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा मार्चअखेरीपासून मेपर्यंत काढला जातो. याच कांद्याला बरेच शेतकरी गावठीही म्हणतात.

साठवणीचा कांदा उन्हाळ. तो वाढतो कोरड्या हवेत, काढणीच्या वेळी ऊन चांगलं असतं, मान बारीक होऊन बंद होते आणि सालांचे थर घट्ट बसतात. लाल कांदा ओल्या हवेत पोसतो, त्याची मान जाड राहते आणि अंगात पाणी जास्त असतं. तो वाईट नसतो. नव्या लाल कांद्याची भाजी, भजी, कोशिंबीर करणारी घरं त्याची वाट पाहतात. फक्त तो गोणीभर घेऊन ठेवायचा नसतो. हे माहीत नसलेल्या घरानं नोव्हेंबरात २५ किलो घेतला, तर नाताळापर्यंत निम्मा टाकून द्यावा लागतो, आणि ते घर पुन्हा त्या गटाकडे फिरकत नाही.

म्हणून पहिल्या ओळीत कांद्याची जात सांगण्याआधी हंगाम सांगावा आणि त्याला धरूनच किती दिवसांत संपवायचा तेही सांगावं. नोव्हेंबरात मजकूर असा हवा:

‘नवा लाल कांदा, खरिपाचा. रसदार, तिखट, साल पातळ. हा साठवणीचा कांदा नाही. तीन आठवड्यांत संपेल एवढाच घ्या. ३ आणि ५ किलो. साठवणीचा उन्हाळ कांदा एप्रिलअखेरीस येईल.’

शेवटच्या वाक्यानं आजची विक्री थोडी कमी होईल. पण घरात वर्षाची बेगमी करणारं माणूस एप्रिलची वाट पाहील आणि तेव्हा मागणी याच गटाकडे नोंदवेल.

प्रत: ‘उत्तम’ म्हणजे काय?

उत्तम, ताजा, निवडक हे शब्द प्रत्येकाच्याच मजकुरात असतात, त्यामुळे त्यांवरून काहीच कळत नाही. कांद्याची प्रत ठरते ती काढणीआधी आणि काढणीनंतरच्या कामांवर. ती कामं सांगितली की प्रत आपोआप सांगितली जाते.

जाणता शेतकरी काढणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडतो. निम्म्याहून जास्त पाती माना टाकून आडव्या पडल्या की कांदा काढतो. पातीसकट तो शेतातच दोन-तीन दिवस पसरून ठेवतो, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी, म्हणजे उन्हानं कांदा भाजत नाही. मग दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापतो आणि कांदा दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवतो. अगदी बुडापासून पात कापली तर मान उघडी राहते आणि तिथूनच सड आत शिरते. घाईघाईनं न सुकवता भरलेला कांदा पहिल्या दिवशी फोटोत जास्त तजेलदार दिसतो आणि महिन्याभरात गोणीच्या तळाशी वास मारू लागतो.

यानंतर निवड येते. जोडकांदे, फुलाचा दांडा आलेले डेंगळे, चिरलेले, हिरवट पडलेले कांदे बाजूला काढतात. लहान कांदा, म्हणजे गोल्टी, वेगळी ठेवतात. जोडकांदा आणि डेंगळा खायला चालतो, टिकत मात्र नाही. म्हणून तो साठवणीच्या गोणीत जाता कामा नये. गोल्टी मसाल्याच्या भाजीला, सांबाराला छान लागते. ती ‘गोल्टी’ म्हणूनच कमी दरानं विकावी, मोठ्या कांद्यात मिसळू नये.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, निफाड-चांदवड भागातल्या काही शेतकऱ्यांचा गट ठाण्यातल्या सोसायट्यांना मे महिन्यात कांदा पाठवतो आहे. मजकूर असा होईल:

‘उन्हाळ कांदा, साठवणीचा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काढलेला. तीन दिवस शेतात पातीखाली, बारा दिवस सावलीत सुकवलेला. आकार मध्यम, किलोत साधारण १२ ते १४ कांदे. जोडकांदे आणि डेंगळे काढले आहेत. १० आणि २५ किलोच्या जाळीच्या गोण्या; वजन तुमच्यासमोर करून देऊ. शनिवार, १० मे, सकाळी ८ ते १०, सोसायटीच्या गेटपाशी. मागणी बुधवार, ७ मे, संध्याकाळी ६ पर्यंत. घरी आल्यावर गोणीतून काढून हवेशीर जागी पसरा. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा बटाट्याजवळ ठेवू नका.’

यात एकही विशेषण मोठं नाही, पण प्रत्येक वाक्य गिऱ्हाइकाला पडताळता येतं. किलोत कांदे मोजता येतात. मान दाबून पाहता येते. जोडकांदे निघाले तर बोट ठेवून दाखवता येतं. वजन समोर करण्याची गोष्टही महत्त्वाची आहे. कांदा सुकत असताना वजनात घटत राहतो. गावात भरलेली २५ किलोची गोणी आठवड्यानं घरच्या काट्यावर तेवढीच भरेल असं नाही. फसवल्याचा संशय इथूनच सुरू होतो. वजन कधीचं, हे आधीच सांगितलं की वादाला जागा राहत नाही.

फोटोही या ओळींशी जुळला पाहिजे. गोणीच्या वरच्या थराचा फोटो सगळेच टाकतात. त्याऐवजी एक कांदा उभा कापून, मान बंद आहे हे दिसेल असा फोटो टाकावा आणि शेजारी चारपाच अख्खे कांदे ठेवावेत. वाचणाऱ्याला ओळीतला शब्द आणि डोळ्यांपुढची वस्तू एकत्र कळते.

ऑगस्टचा कांदा

सगळ्यात जास्त गफलत पावसाळ्यात होते. मेचा मजकूर जसाच्या तसा ऑगस्टमध्ये पुन्हा टाकला जातो. कांदा तोच असतो, उन्हाळच, पण चार महिने चाळीत राहिलेला. चाळ कितीही हवेशीर असली तरी दमट हवेत साल सुटतं, काही कांद्यांवर काळी बुरशी धरते, काहींना मोड येतात, काही सडतात. तोवर साठवलेल्या मालातला बराच भाग घटलेला असतो, दर वाढण्यामागचं एक कारण तेच. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर पटतं. न सांगता गोणी पोचली तर मेच्या कांद्याशी तुलना होते आणि गट खोटा ठरतो. ऑगस्टचा मजकूर असा असावा:

‘उन्हाळ कांदा, चाळीतला. एप्रिलमध्ये काढलेला, गुरुवारी हातानं निवडलेला. पावसाळी हवेमुळे साल सुटं आहे; काहींवर काळी पूड दिसली तर वरचं साल काढून धुऊन वापरा. आतपर्यंत काळा किंवा मऊ निघाला तर फोटो पाठवा, पुढच्या गाडीत भरपाई देऊ. साठवू नका, १५ दिवसांपुरता घ्या. ३ आणि ५ किलो. शनिवार, २३ ऑगस्ट.’

दिवस: ‘उद्या’ कधीच येत नाही

‘उद्या गाडी येत आहे’, ‘या शनिवारी मिळेल’ असे शब्द वाचायला सोपे वाटतात, पण मजकूर एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत राहतो. चार दिवसांनी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ वेगळा असतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहावीत, सोबत वेळ आणि जागा.

वार कोणता, हे सोयीवर नाही, कामाच्या क्रमावर ठरतं. वरच्या उदाहरणातल्या गटाचा आठवडा असा: बुधवारी संध्याकाळी मागणी बंद, म्हणजे किती गोण्या लागतील ते कळतं. गुरुवारी निवड, शुक्रवारी दुपारी भरणी, रात्री गाडी निघते आणि शनिवारी सकाळी, लोक घरी असताना, ठाण्यात पोचते. कुणी शुक्रवारी रात्री मागणी दिली तर ती पुढच्या शनिवारची. हा नियम मजकुरात नसेल तर ऐनवेळच्या दहा-वीस मागण्यांसाठी न निवडलेला कांदा गोणीत जातो, आणि तिथं प्रत घसरते. मागणी बंद होण्याची वेळ आणि कांद्याचा दर्जा हे असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

पावसाचीही सोय मजकुरात असावी. भरताना किंवा उतरवताना भिजलेला कांदा दोन-तीन दिवसांत सडायला लागतो. ‘शनिवारी जोराचा पाऊस असेल तर गाडी रविवारी येईल, शुक्रवारी रात्री ९ पर्यंत कळवू’, एवढं वाक्य पुरतं. वेळेवर आलेल्या भिजक्या गोणीपेक्षा एक दिवस उशिरा आलेली कोरडी गोणी केव्हाही बरी, आणि हे आधी माहीत असेल तर घरातलं माणूस चिडत नाही.

बिघडलं तर

इतकं करूनही एखाद्या शनिवारी सडका कांदा जातोच. अशा वेळी ग्रुपवर शांत बसून नव्या गाडीचा फोटो टाकण्याचा मोह होतो. तिथं सगळ्यात आधी हा मजकूर जायला हवा: ‘शनिवारच्या गाडीतल्या १० किलोच्या काही गोण्यांत ओला कांदा गेला. चाळीच्या एका कोपऱ्यात पाणी आलं होतं, निवडताना ते लक्षात आलं नाही. त्या कोपऱ्यातला माल बाजूला काढला आहे. ज्यांच्याकडे असा कांदा आला असेल त्यांनी किलो कळवावेत, पुढच्या शनिवारी तेवढा देऊ.’

कारण, केलेली दुरुस्ती आणि भरपाई, तिन्ही यात आहेत. घाऊक बाजारात माल गेल्यावर तो कुणाच्या घरी पोचला हे शेतकऱ्याला कळत नाही आणि खाणाऱ्यालाही तो कुणाच्या शेतातला हे कळत नाही. थेट विक्रीत दोघांनाही कळतं. फोटोखालच्या ओळी खऱ्या असतील तरच हा फायदा दोघांना मिळतो: घराला कोणत्या महिन्यात किती कांदा घ्यायचा ते समजतं आणि गटाला पुढच्या हंगामात किती क्षेत्रावर उन्हाळ लावायचा याचा अंदाज येतो.