‘आम्ही’ की ‘आपण’? इंग्रजीतला एक ‘वी’ मराठीत आला की दोन का होतो?

समजा, बोईसरच्या एखाद्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी इंग्रजीत मेसेज टाकला, ‘वी आर गोइंग टू केळवा बीच धिस संडे.’ आता ग्रुपमधल्या बाकीच्यांनी काय समजायचं? रविवारी सकाळी आपणही बॅग भरून स्टेशनवर जायचं, की ‘मजा करा’ म्हणून अंगठा दाखवायचा?

हाच मेसेज मराठीत आला असता तर प्रश्नच पडला नसता. ‘रविवारी आम्ही केळव्याला चाललोय’ म्हणजे ते लोक चाललेत, तुम्ही नाही. ‘रविवारी आपण केळव्याला चाललोय’ म्हणजे तुम्हीही त्यात आहात, सुट्टी मोकळी ठेवा. एका शब्दात आमंत्रण आहे की नुसती माहिती, ते कळतं.

इंग्रजीतला ‘वी’ आणि हिंदीतला ‘हम’ हा फरक दाखवत नाहीत. मराठी दाखवते. म्हणूनच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत मजकूर नेताना इथे गडबड होते. पिकनिकच्या मेसेजमध्ये ती झाली तर फार तर कुणीतरी रुसेल. पण सरकारी कागदावर झाली, तर कोणी काय करायचं कबूल केलं, हेच बदलू शकतं.

नेमका फरक काय?

नियम सोपा आहे. बोलणारा आणि त्याची माणसं असतील, पण ऐकणारा त्यात नसेल, तर ‘आम्ही’. ऐकणाराही त्यात असेल तर ‘आपण’. ‘आमचा’ आणि ‘आपला’ यांतही हाच फरक आहे. पाहुण्याला आपण ‘आमच्याकडे जेवायला या’ म्हणतो, कारण घर त्याचं नाही. शेजाऱ्याशी बोलताना मात्र ‘आपल्याकडे यंदा पाऊस लवकर आला’ म्हणतो, कारण पाऊस दोघांच्याही अंगणात पडला.

हे व्याकरणात किती मुरलंय, ते बघायचं असेल तर ‘जाऊया’ हे क्रियापद घ्या. ‘चला, आपण जाऊया’ बरोबर वाटतं. ‘चला, आम्ही जाऊया’ म्हणून बघा, जीभच अडखळते. समोरच्याला सोबत घेतल्याशिवाय ‘जाऊया’ म्हणताच येत नाही.

पालघर जिल्ह्यात याला आणखी एक सोबती आहे. तलासरी-डहाणूच्या बाजूला गुजरातची हद्द लागते आणि तिथे कानावर गुजरातीही पडते. गुजरातीत ‘अमे’ म्हणजे आपलं ‘आम्ही’ आणि ‘आपणे’ म्हणजे आपलं ‘आपण’. म्हणजे बोईसरला कामाला आलेल्या गुजराती माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. हिंदी बोलणाऱ्याला मात्र तो वेगळा समजून घ्यावा लागतो. दक्षिणेत तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ अशी जोडी आहे, तमिळमध्येही अशीच आहे. संस्कृतमध्ये मात्र ही विभागणी नव्हती. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातल्या ‘अप्पाण’मार्गे आला, म्हणजे मुळात त्याचा अर्थ ‘स्वतः’ असा होता. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे मराठीत तो ‘तू आणि मी’ या अर्थाने रुळला, असं अनेक भाषाअभ्यासक मानतात.

मग मराठीत गोंधळ होतच नाही का?

होतो, आणि तो ‘आपण’मुळेच होतो. कारण या एका शब्दाकडे तीन कामं आहेत.

पहिलं काम म्हणजे ‘तुम्ही आणि मी मिळून’. दुसरं, आदरानं ‘तुम्ही’. ‘आपण कुठून आलात?’ असं आपण अनोळखी मोठ्या माणसाला विचारतो. तिसरं, जुन्या अर्थाशी जोडलेलं, म्हणजे ‘स्वतः’. ‘त्याने आपली बोट विकली’ यात बोट त्याचीच आहे, तुमची-आमची नाही. बातम्यांमध्ये हे फार दिसतं. ‘आपण राजीनामा देणार नाही, असं मंत्र्यांनी सांगितलं’ या वाक्यात राजीनामा वाचकाला द्यायचा नसतो.

बहुतेक वेळा क्रियापद आपल्याला वाचवतं. ‘आपण आलो’ म्हणजे सगळे मिळून, ‘आपण आलात’ म्हणजे तुम्ही. ‘आपण पाहू’ म्हणजे सगळे, ‘आपण पाहाल’ म्हणजे तुम्ही. पण काही रूपांत हा आधार सुटतो. ‘आपण काळजी घ्यावी’ यात कोणी घ्यावी? तुम्ही की सगळ्यांनी? ‘आपल्याला पैसे भरावे लागतील’ यात पैसे कोण भरणार? इथे फक्त संदर्भ सांगतो. आणि संदर्भ कागदावर नेहमी उतरत नाही.

हे कागदावर कुठे अडतं?

पालघरच्या लोकांच्या परिचयाचं उदाहरण घेऊ. तारापूरच्या उत्तरेला, डहाणू तालुक्यात वाढवण बंदराचा प्रकल्प आहे. त्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये पालघरला पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. अशा सुनावण्या केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार होतात.

या अधिसूचनेत भाषेबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी घेतो आणि राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याला मदत करतं. शेवटी इतिवृत्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवावं लागतं. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्पवाल्यांचं म्हणणं, हे स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लिहून इतिवृत्ताला जोडायचं असतं.

म्हणजे भाषांतर दोन्ही दिशांना होतं. इंग्रजी सारांश मराठीत येतो आणि मराठीतला आक्षेप इंग्रजीत जातो. पर्यावरण मंजुरीचा विचार करणारी तज्ज्ञ समिती त्या सभागृहात बसलेली नसते. तिच्यापर्यंत कागद पोहोचतो.

आता दोन्ही दिशांनी काय होऊ शकतं ते बघू. पुढची वाक्यं नमुन्याची आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष सुनावणीतली नाहीत.

एक मच्छीमार उठून अधिकाऱ्यांना म्हणतो, ‘साहेब, आमची उपजीविका या समुद्रावर आहे. आपण तो वाचवायला हवा.’ पहिल्या वाक्यातलं ‘आमची’ स्वच्छ आहे. उपजीविका गावाची आहे, साहेबांची नाही. दुसऱ्या वाक्यातलं ‘आपण’ मात्र दोन तऱ्हांनी वाचता येतं. ‘तुम्ही-आम्ही मिळून वाचवायला हवा’ असं, किंवा आदरानं ‘तुम्ही वाचवायला हवा’ असं. दोन्ही अर्थांत अधिकाऱ्यांवर जबाबदारी आहेच.

इंग्रजीत लिहिणाऱ्याने दोन्हीकडे ‘वी’चीच रूपं वापरली, तर वाक्यं साधारण अशी होतील: ‘अवर लाइव्हलीहूड डिपेंड्स ऑन धिस सी. वी मस्ट सेव्ह इट.’ व्याकरणात एकही चूक नाही. पण आता वाचणाऱ्याला वाटेल, ज्यांची उपजीविका आहे तेच समुद्र वाचवण्याचा निर्धार सांगताहेत. मच्छीमाराने साहेबांकडे केलेली मागणी कागदावर त्याचाच संकल्प होऊन बसली. साहेब त्या वाक्यातून अलगद बाहेर पडले.

उलट्या दिशेने बघा. इंग्रजी सारांशात वाक्य असेल, ‘वी मस्ट डिस्पोज ऑफ धिस वेस्ट सेफली.’ हा कचरा सुरक्षितपणे हलवायला हवा, हे ठीक. पण हलवायचा कोणी? मराठी करणाऱ्याला इथे निवड करावीच लागते. ‘आम्ही या कचऱ्याची सुरक्षित विल्हेवाट लावली पाहिजे’ असं लिहिलं तर काम प्रकल्पाचं. ‘आपण विल्हेवाट लावली पाहिजे’ असं लिहिलं तर वाचणारं गावही त्या कामात ओढलं गेलं. ‘आपण’ जास्त आपुलकीचं वाटतं, म्हणून भाषांतर करणारा नकळत तेच निवडू शकतो. सूर गोड होतो आणि जबाबदारी वाटली जाते.

ओळखायचं कसं आणि टाळायचं कसं?

असा मजकूर हातात आला की ‘आपण’, ‘आपल्याला’, ‘आपला’ हे शब्द शोधायचे आणि प्रत्येकाच्या जागी आधी ‘तुम्ही’, मग ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ घालून वाक्य वाचायचं. दोन्ही वाचनं पटत असतील, तर ते वाक्य धोक्याचं. ‘असं सांगितलं’, ‘असं म्हणाले’ अशा वाक्यात ‘तो स्वतः’ हे तिसरं वाचनही करून बघायचं. ‘आपण पाहणी करणार आहोत, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं’ यात पाहणी अधिकारी एकटे करणार की गावासोबत, हे वाक्य सांगत नाही.

उपाय सर्वनामात नाही, नामात आहे. ‘आपण’ काढून ‘कंपनी’, ‘ग्रामपंचायत’, ‘मच्छीमार सोसायटी’, ‘जिल्हा प्रशासन’ असं नाव घालायचं. इंग्रजी करतानाही नुसतं ‘वी’ न लिहिता ‘वी, द फिशरमेन’ किंवा ‘यू अँड वी टुगेदर’ असं उलगडून लिहायचं. वाक्य थोडं जड होतं, पण नंतर कुणाला हात झटकता येत नाहीत. इतिवृत्त वाचून दाखवलं जातं तेव्हा आपल्या वाक्यातला ‘वी’ कोण आहे, हे तिथेच विचारता येतं.

एक अपवाद

‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा दरवेळी बाहेरच असतो, असंही नाही. भारताच्या संविधानाची मराठी उद्देशिका ‘आम्ही’ने सुरू होते, ‘आपण’ने नाही. ती वाचणारा नागरिक त्या ‘आम्ही’त नाही का? आहेच. पण ते वाक्य नागरिकाने दुसऱ्या नागरिकाला सांगितलेलं नाही. सगळ्यांनी मिळून केलेली ती घोषणा आहे. समोर वेगळा ऐकणारा नसला की वगळायलाही कुणी उरत नाही. संपावर गेलेल्या कामगारांनी गेटवर एकत्र दिलेली ‘आम्ही मागे हटणार नाही’ ही घोषणा अशीच असते. ती सगळ्यांची असते, फक्त आतल्या मॅनेजरची नसते.

म्हणून ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे वाक्य कोण कुणाला म्हणतंय? ‘आपला जिल्हा’ असं भाषण देणाऱ्याने त्यात कुणाला धरलंय आणि ‘आमचा समुद्र’ म्हणणाऱ्याने कुणाला बाहेर ठेवलंय, हे मराठी सांगते. इंग्रजीत दोन्हीचं ‘अवर’ होतं.