पॅनवरचे आभार

साखर कारखान्यातला अधिकारी निवृत्त होतो तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी, मग तेव्हा गळीत ऐन भरात असलं तरी. कोल्हापूरकडच्या एका सहकारी कारखान्यात वर्क्स मॅनेजर जानेवारीअखेर निवृत्त झाले, तेव्हाच्या निरोपाला मी हजर होतो. नोकरी चौतीस वर्षांची, सुरुवात शिफ्ट केमिस्ट म्हणून.

कारखान्यातल्या पाळ्या पहाटे चार ते बारा, बारा ते आठ आणि रात्री आठ ते चार अशा. समारंभ संध्याकाळी पाचला ठेवला की कार्यालयातली माणसं येतात, बारा-आठची पाळी मात्र यंत्रावर असते. म्हणून त्यांनी सांगितलं, शाल-श्रीफळ दुपारी बाराच्या भोंग्याला, गेटजवळच्या शेडमध्ये. पहाटेची पाळी सुटताना आणि दुपारची चढताना, दोन्हीकडच्या माणसांना थोडं तरी ऐकता यावं.

निरोपाच्या भाषणात 'आपण सर्वांनी सहकार्य केलं' हे वाक्य हमखास येतं आणि कामगार ते ऐकतही नाहीत. त्यांचं लक्ष एका गोष्टीकडे असतं : साहेबाला आपलं काम नेमकं कळलं होतं का? या माणसाने सहकार्य हा शब्द एकदाही उच्चारला नाही. त्याने एका रात्रीची गोष्ट सांगितली.

उसाचा रस आटवून घट्ट केलेला पाक पॅनमध्ये जातो. पॅनमधली हवा खेचून घेतलेली असल्यामुळे तो साठ-सत्तर अंश तापमानालाच उकळतो आणि त्यात साखरेचा दाणा वाढतो. पॅनमन दर थोड्या वेळाने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि दिव्यासमोर धरतो. दाणे एकसारखे, टोकदार दिसले म्हणजे ठीक. मधल्या जागेत धुळीसारखे बारीक कण दिसले, तर खोटा दाणा पडला. पाक प्रमाणाबाहेर घट्ट झाला की हे होतं. मग पुढे सेंट्रीफ्यूगलमध्ये हे कण मोठ्या दाण्यांमधल्या फटी बुजवतात, मळी नीट निघून जात नाही आणि साखर चिकट, पिवळट राहते.

"मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते," साहेब म्हणाले. "मागे काम तुंबलं होतं, म्हणून मी वाफ वाढवायला सांगितली. नाना पॅनवर होते. त्यांनी काच माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, साहेब, वाफ वाढवू नका, दाणा खोटा पडलाय. मला काही दिसत नव्हतं. मी हट्टाने तसंच चालवलं. तो पॅन सेंट्रीफ्यूगलवर तासन्‌तास अडला. सकाळी वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा नानांनी एवढंच सांगितलं, की पाक घट्ट आला होता. माझं नाव घेतलं नाही. पुढच्या रात्री त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि पाणी सोडून बारीक कण कसे विरघळवायचे, मोठा दाणा तेवढा कसा राखायचा, हे दाखवलं. मी पुस्तकात शिकलो होतो, दाणा बघायला नानांनी शिकवलं."

नाना केव्हाच निवृत्त झालेले. त्यांना गावाहून गाडी पाठवून आणलं होतं आणि ते पहिल्या रांगेत बसले होते.

नंतर ते हंगामी कामगारांकडे वळले. हंगाम संपला की ज्यांना कामावर बोलावलं जात नाही, त्यांचं नाव निरोपाच्या भाषणात सहसा येत नाही. त्यांनी इव्हापोरेटरच्या बॉडी साफ करणाऱ्यांचा उल्लेख केला. रस आटवताना नळ्यांच्या आत क्षार घट्ट बसतात, वाफेची उष्णता रसापर्यंत पोहोचेनाशी होते आणि गाळप मंदावतं. मग कॉस्टिकने उकळून, बॉडी थंड झाल्यावर माणसं आत उतरतात आणि एकेक नळी ब्रशने घासतात. "गाळपाचा आकडा माझ्या नावावर लागला," ते म्हणाले, "पण नळ्या घासल्या तुम्ही. आत उतरण्याआधी बॉडी पुरती थंड आणि हवेशीर झाली की नाही, हे तपासणं माझं काम होतं. घाई होती तेव्हाही तुम्ही मला ते आठवण करून द्यायचात."

धाकट्या केमिस्टांना त्यांनी उपदेश केला नाही. आपल्या वह्या दिल्या. चुकलेल्या पॅनच्या नोंदी त्यांत लाल शाईने होत्या.

मला हे भाषण चांगलं वाटलं ते यासाठी, की आभार मानताना कुणाचं काम काय, ते चुकलं असतं तर काय झालं असतं, हे त्यात होतं. ऐकणाऱ्याला आपली जागा ओळखता येत होती.

राहिली होती रात्रीची पाळी. आठ वाजून गेल्यावर साहेब शाल खांद्यावर तशीच ठेवून पॅनच्या मजल्यावर गेले आणि पॅनमनसमोर हात जोडून बोलू लागले. तो काचेवरचा नमुना दिव्याला धरून उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा, पॅन सोडायचाय." साहेब बाजूला झाले आणि पॅन रिकामा होईपर्यंत तिथेच थांबले.