‘डोळा’ आणि ‘डोया’ : द्विमार्गी सारणीचे वाचन

वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. मात्र तोच भाषक प्रसंगी ‘ळ’ही उच्चारतो. म्हणून ‘य’ येतो की नाही यापेक्षा तो कोठे किती प्रमाणात येतो, हे पाहावे लागते. समजा, एका विद्यार्थिनीने ध्वनिमुद्रणातून असे २०० उच्चार टिपले: अमरावती जिल्ह्यातील १५० आणि अकोला जिल्ह्यातील ५०. (आकडे सरावासाठी कल्पिलेले आहेत.) प्रत्येक संख्येस २०० ने भागल्यावर पुढील सारणी मिळते.

| जिल्हा | ‘य’ | ‘ळ’ | एकूण |
|---|---|---|---|
| अमरावती | ०.४५ | ०.३० | ०.७५ |
| अकोला | ०.१५ | ०.१० | ०.२५ |
| एकूण | ०.६० | ०.४० | १.०० |

आतील चार घरे म्हणजे संयुक्त वितरण. उच्चार अमरावतीचा असणे आणि त्यात ‘य’ असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र घडण्याची संभाव्यता ०.४५ आहे. ओळींच्या व स्तंभांच्या बेरजा कडेला येतात. ते सीमांत वितरण. (ध्वनिविचारातील ‘पूरक वितरण’ ही संज्ञा येथे मनात आणू नये.)

आता ‘य’चा स्तंभ पाहा. ०.४५ भागिले ०.६० म्हणजे ०.७५. ‘य’च्या दर चार उच्चारांपैकी तीन अमरावतीचे आहेत. यावरून ‘डोया’ हे अमरावतीचे वैशिष्ट्य आहे, असे लिहिण्याचा मोह होतो. उत्तरपत्रिकांत तसे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे. परंतु सगळ्याच नोंदींपैकी ०.७५ अमरावतीच्या आहेत, आणि ते प्रमाण बोलीने नव्हे, तर विद्यार्थिनीच्या दौऱ्याने ठरवले आहे. आपला प्रश्न उलट दिशेचा आहे: जिल्हा ठाऊक असता ‘य’ची संभाव्यता किती? त्यासाठी ओळीतील आकड्यास त्याच ओळीच्या बेरजेने भागावे. अमरावतीसाठी ०.४५ ÷ ०.७५ = ०.६०, अकोल्यासाठी ०.१५ ÷ ०.२५ = ०.६०. ही सशर्त संभाव्यता दोन्हीकडे सारखीच, आणि ‘य’च्या सीमांत संभाव्यतेइतकीच आहे. म्हणजे या सारणीत जिल्हा व उच्चार परस्परांपासून स्वतंत्र आहेत. पडताळा असा: ०.७५ × ०.६० = ०.४५. दोन ओळी व दोन स्तंभ असतील, तर एक घर जुळल्यावर उरलेली आपोआप जुळतात.

हेच २०० उच्चार प्रसंगानुसार विभागू. समजा, १०० घरगुती गप्पांतील आहेत आणि त्यांत ९० वेळा ‘य’ आला. १०० छापील शब्दयादीच्या वाचनातील आहेत आणि त्यांत ३० वेळा. गप्पांतील ‘य’ची संयुक्त संभाव्यता पुन्हा ०.४५ येते, परंतु सीमांत संभाव्यतांचा गुणाकार ०.५० × ०.६० = ०.३० आहे. दोन्ही जुळत नाहीत, तेव्हा प्रसंग व उच्चार स्वतंत्र नाहीत. सशर्त संभाव्यता ०.९० आणि ०.३० हे अंतर स्पष्टच दाखवतात.

प्रत्यक्ष नोंदींत गुणाकार इतका तंतोतंत जुळत नाही. ०.४५ ऐवजी ०.४४ आले, तर तेवढ्यावरून परस्परसंबंध सिद्ध होत नाही. शिवाय ९० पैकी ४० ‘डोया’ एकाच गप्पिष्ट आजोबांचे असतील, तर सारणी वऱ्हाडीपेक्षा आजोबांविषयीच अधिक सांगते. म्हणून प्रत्येक उच्चारापुढे भाषकाचा क्रमांक अवश्य नोंदवावा.