वर्गाचा फोटो, चित्रकथेची चौकट

शाळेच्या वार्षिकांकासाठी वर्गाच्या फोटोंची चित्रकथा करायची, तर नववीच्या मुलांना पहिल्या तासाला काय सांगावं? चित्रकलेच्या बाईंनी सहलीचा एकच फोटो पडद्यावर लावला: दोघी एका डब्यावर वाकलेल्या, मागे बस.

“आधी कापा,” बाई म्हणाल्या. “बस नको, डबा, हात आणि चेहरे ठेवा. पण डोक्यांवर एक तृतीयांश जागा मोकळी सोडा, तिथे संवादाचे फुगे येतील. आपण डावीकडून वाचतो, म्हणून आधी बोलणारीचा फुगा डावीकडे आणि थोडा वर.”

मग त्यांनी जिम्प या मोफत प्रोग्रॅममध्ये `Colors > Threshold` उघडलं. ठरावीक उजेडापेक्षा गडद ते सगळं काळं, बाकी पांढरं. आकडा १२७ वर होता आणि सावलीतली मुलगी पार काळी झाली. “नाक-डोळे बुडाले की आकडा कमी करा. दोन चेहऱ्यांवरचा उजेड वेगळा असेल, तर प्रत्येक चेहरा वेगळा निवडून करा.”

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती त्यांची शेवटची अट: “फुग्यातलं वाक्य, फोटोत जी आहे तिला आधी वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली, तर बदलायचं.”